दोन टाक्या, एक पंप आणि रँक १

प्रश्न: "सर, मी नांदेडला इन्स्ट्रुमेंटेशनच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी दोन सारख्या टाक्या घेतल्यात. एका पंपाचं पाणी टी लावून दोन्हींत जातं आणि दोन्ही तोट्यांचं पाणी एकत्र करून तिथं फ्लो मीटर बसवलाय. मॅटलॅबमध्ये ctrb आणि obsv दोन्हींची रँक १ येते, place कमांड एरर देते. पण ट्रान्सफर फंक्शन व्यवस्थित येतं आणि पीआय कंट्रोलरही छान चालतो. गाईड म्हणतात, फर्स्ट ऑर्डर धरा आणि पुढं चला. नेमकं काय बरोबर?"

उत्तर:

तुमच्या गाईडचं म्हणणं चूक नाही, पण ते कधी चालेल हे तुम्हाला त्या टाक्यांकडून काय हवंय यावर आहे. एकत्रित फ्लो ठरल्या आकड्यावर ठेवायचा, एवढंच काम असेल तर फर्स्ट ऑर्डर मॉडेल पुरे. पण एकही टाकी ओसंडू नये आणि एकही कोरडी पडू नये, हेही बघायचं असेल तर त्या मॉडेलमधून निम्मी सिस्टिम गायब झालेली आहे. मॅटलॅब नेमकं तेच सांगतंय. एररशी भांडू नका, ती काय म्हणते ते बघू.

मी वाळूजला प्रोसेस कंट्रोलचं काम करतो आणि त्यात निम्म्याहून जास्त वेळ टाक्या, पंप आणि व्हॉल्व्ह यांतच जातो. म्हणून उत्तर टाक्यांच्या भाषेतच देतो. तुम्ही मापं दिलेली नाहीत, तेव्हा हिशेबाला सोपी पडतील अशी मी धरतो. प्रत्येक टाकीचा तळ ०.२ चौरस मीटर, पाणी ५० सेंमी, म्हणजे १०० लिटर. पंप मिनिटाला २० लिटर देतो, त्यातले १० एकीत आणि १० दुसरीत जातात, आणि तोटीतून तेवढेच बाहेर पडतात. दोन्ही तोट्या मोकळ्या पडतात आणि पाणी नंतर एकत्र होतं, हेही गृहीत धरतो. तोट्यांपुढचा एकत्र पाइप भरून वाहत असेल तर एका टाकीचा दाब दुसरीच्या तोटीवर येतो आणि समीकरणं थोडी बदलतात.

आता स्टेट कोणते घ्यायचे? आत्ता या क्षणी काय काय माहीत असलं म्हणजे, पुढं पंप कसा चालणार हे कळल्यावर, बाकी सगळं सांगता येईल? इथं दोन्ही टाक्यांची पातळी कळली की झालं. पाणी तिथवर कसं आलं, सकाळी पंप किती वेळ चालला होता, यानं काही फरक पडत नाही. म्हणून स्टेट दोन: h1 आणि h2. हे आकडे ५० सेंमीपासूनचा फरक म्हणून मोजायचे, u म्हणजे पंपाचा २० लिटरपासूनचा फरक, आणि y म्हणजे मीटरवरच्या एकत्रित फ्लोचा २० लिटरपासूनचा फरक.

तोटीचा फ्लो पातळीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. त्यामुळं ५० सेंमीच्या आसपास पातळी १ सेंमी वाढली तर फ्लो 10/(2×50), म्हणजे मिनिटाला ०.१ लिटरनं वाढतो. या टाकीत १ लिटर पाणी म्हणजे अर्धा सेंमी. पंपातून जादा आलेल्या प्रत्येक लिटरातलं अर्धं एकेकीत जातं. यावरून, वेळ मिनिटांत धरून:

```
h1' = -0.05*h1 + 0.25*u
h2' = -0.05*h2 + 0.25*u
y   =  0.1*h1 + 0.1*h2

A = [-0.05 0; 0 -0.05];  B = [0.25; 0.25];  C = [0.1 0.1];
ctrb(A,B) = [0.25 -0.0125; 0.25 -0.0125]
obsv(A,C) = [0.1 0.1; -0.005 -0.005]
```

दोन्ही टाक्यांचा टाइम कॉन्स्टंट २० मिनिटं आहे. आता `ctrb` चे दोन कॉलम बघा. पहिला कॉलम B, म्हणजे पंपाचा धक्का स्टेटला ताबडतोब कुठल्या दिशेनं ढकलतो. दुसरा AB, म्हणजे तोच धक्का सिस्टिमच्या स्वतःच्या चालीतून गेल्यावर कुठल्या दिशेला वळतो. दोन दिशा वेगळ्या निघाल्या तर त्यांच्या जोडीनं कुठंही पोचता येतं. इथं दोन्ही एकाच रेषेवर आहेत: दोन्ही टाक्या सारख्या वर किंवा दोन्ही सारख्या खाली. पंप कितीही हुशारीनं चालवा, या रेषेबाहेर जाता येत नाही. रँक १ चा अर्थ एवढाच.

हे आणखी उघड दिसावं म्हणून h1 आणि h2 ऐवजी त्यांची बेरीज s आणि वजाबाकी d हे स्टेट घ्या. सिस्टिम तीच, फक्त बघायची बाजू बदलली:

```
s' = -0.05*s + 0.5*u
d' = -0.05*d
y  =  0.1*s
```

दुसऱ्या ओळीत u नाही आणि तिसऱ्या ओळीत d नाही. वजाबाकीला पंप हलवू शकत नाही, म्हणून ती अनकंट्रोलेबल. वजाबाकी मीटरला दिसत नाही, म्हणून ती अनऑब्झर्व्हेबल. एकाच सिस्टिममध्ये दोन्ही दोष आलेत, पण ते दोन वेगळे दोष आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत, ते पुढं दिसेल. तुमचं ट्रान्सफर फंक्शन `0.05/(s+0.05)` येतं (इथला s लाप्लासचा, बेरजेचा नव्हे), कारण ट्रान्सफर फंक्शनमध्ये फक्त तेवढाच भाग उरतो जो इनपुटला हलवता येतो आणि आउटपुटला दिसतोही. काल्मन यांनी १९६० च्या सुमारास मांडलेल्या विचारातलं हे मुख्य सूत्र. मॅटलॅबमध्ये `minreal` चालवलंत तर एक स्टेट काढून टाकल्याचं तेच सांगेल.

पीआय छान चालतो तो यामुळंच. त्याला s दिसतं, तो s हलवतो, आणि d शी त्याचा संबंधच येत नाही.

मग d कडं बघायचंच कशाला? आपल्याकडचीच परिस्थिती घ्या. मे महिना, पाणी टँकरनं आलं, आणि टँकरवाल्यानं पाइप जवळच्या टाकीत, म्हणजे पहिल्या टाकीत सोडला. ६० लिटर पडले. पहिलीची पातळी ३० सेंमीनं वाढून ८० झाली, दुसरी ५० वरच. मीटरला मिनिटाला ३ लिटर जादा दिसले. कंट्रोलरनं पंप पार बंद केला, तर साधारण पावणेतीन-तीन मिनिटांत एकत्रित फ्लो पुन्हा बरोबर २० वर येतो. स्क्रीनवर सगळं ठीक. प्रत्यक्षात त्या क्षणी पहिली टाकी ६३ सेंमीवर आहे आणि दुसरी ३७ वर, कारण ३० सेंमीच्या फरकातले तोवर चारच कमी झालेत. दुसरीचं काही चुकलं नव्हतं, तरी तिची पातळी कंट्रोलरनंच खाली नेली. हा २६ सेंमीचा फरक पुढं आपल्या गतीनं विरेल. एक तास लागेल तेव्हा तो सव्वा-दीड सेंमीवर येईल. त्या तासात दुसऱ्या टाकीची तोटी उघडी पडत असेल, तर मीटर ते तुम्हाला आधी सांगणार नाही.

इथं एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे: d आपोआप विरतो. लपलेला भाग स्थिर असेल तर सिस्टिमला पुस्तकात स्टॅबिलायझेबल आणि डिटेक्टेबल म्हणतात, आणि अशा सिस्टिमवर लोक निर्धास्त काम करतात. लपलेला भाग आपोआप वाढणारा असता तर फर्स्ट ऑर्डर धरून पुढं जाणं धोक्याचं होतं. आउटपुट शांत दिसत राहतं आणि आत काहीतरी भिंतीला जाऊन आदळतं. गाईडना विचारायचाच असेल तर हा प्रश्न विचारा: लपलेला मोड कुठला आणि तो किती मिनिटांत विरतो?

आता दुरुस्तीकडं येऊ. बहुतेक मुलांचा पहिला विचार असतो की टी वरचा व्हॉल्व्ह फिरवून पाणी अर्धं-अर्धं न देता ५५-४५ करू, म्हणजे सारखेपणा मोडेल. करून बघा. B होईल `[0.275; 0.225]`, पण A मध्ये दोन्ही जागी -०.०५ च आहे, म्हणून AB म्हणजे पुन्हा -०.०५ गुणिले B. दिशा बदलली, पण दोन्ही कॉलमची सारखीच बदलली. रँक १ च. अडचण पाणी सारखं वाटण्याची नाहीच. दोन टाक्या एकमेकींशी जोडलेल्या नाहीत, त्यांचा टाइम कॉन्स्टंट एकच आहे आणि त्यांना ढकलणारा हात एकच आहे. या तीन गोष्टी एकत्र असल्या की एका इनपुटनं दोघींना वेगळं करता येत नाही. लिनिअरायझेशनचा यात दोष नाही. अर्ध्या-अर्ध्या वाटणीत खरं वर्गमुळाचं समीकरण घेतलं तरी सारख्या पातळीवरून निघालेल्या दोन सारख्या टाक्या कायम सारख्याच राहतील.

दुसरा विचार: फ्लो मीटर काढून पहिल्या टाकीत लेव्हल सेन्सर लावू. `obsv` च्या दोन ओळी म्हणजे C आणि CA. C होतो `[1 0]`, CA होतो `[-0.05 0]`. रँक पुन्हा १. पहिली टाकी दुसरीबद्दल काही जाणतच नाही, तर तिच्यातला सेन्सर काय सांगणार?

म्हणून दोन्ही टाक्या तळाशी पाइपनं जोडा. पाइप असा घेऊ की पातळीत १ सेंमीचा फरक असला तर मिनिटाला ०.१ लिटर पाणी इकडून तिकडं जाईल. मग:

```
A = [-0.1 0.05; 0.05 -0.1];
```

इथून मजा सुरू होते. पाणी अजून टी मधून अर्धं-अर्धंच येतंय असं धरा. AB काढा, `[-0.0125; -0.0125]`, म्हणजे जुनीच दिशा. कंट्रोलेबिलिटी सुधारली नाही. वजाबाकी आता -०.१५ नं, म्हणजे साधारण सात मिनिटांच्या टाइम कॉन्स्टंटनं विरते हे बरं झालं, पण पंपाला ती अजूनही हलत नाही. मात्र पहिल्या टाकीतल्या सेन्सरसाठी CA आता `[-0.1 0.05]` आहे. रँक २. एकाच पाइपनं ऑब्झर्व्हेबिलिटी आली आणि कंट्रोलेबिलिटी आली नाही, कारण पहिली गोष्ट A आणि C च्या जोडीवर ठरते आणि दुसरी A आणि B च्या. जुना फ्लो मीटरच ठेवला असता तर पाइप जोडूनही तो आंधळाच राहिला असता. त्याचा CA `[-0.005 -0.005]` येतो.

पंपाचा प्रश्न सोडवायचा तर टी काढा आणि सगळं पाणी पहिल्या टाकीत सोडा. A तोच धरला तर B झाला `[0.5; 0]`, AB झाला `[-0.05; 0.025]`. दोन दिशा वेगळ्या, रँक २. आता `place` मुकाट चालेल.

ऑब्झर्व्हर लावायचा असेल, म्हणजे पहिल्या टाकीच्या सेन्सरवरून दुसरीची पातळी अंदाजायची असेल, तर त्याचे दोन्ही पोल -०.३ वर ठेवायला गेन `[0.4; 0.85]` लागतो. हे गेन हातानं काढून बघा, चार ओळींचं काम आहे. मॅटलॅबचं `place` इथं पुन्हा रुसेल: एकच सेन्सर असताना ते एका जागी दोन पोल ठेवत नाही. -०.२९ आणि -०.३१ द्या, गेन जवळपास तोच येईल. पोल -१ वर नेले तर गेन `[1.8; 16.25]` होतो. त्याचा अर्थ असा की पाण्याच्या हिंदकळण्यानं सेन्सर १ सेंमी चुकला, तर दुसऱ्या टाकीचा अंदाज मिनिटाला १६ सेंमीच्या वेगानं भरकटायला लागतो. ऑब्झर्व्हेबल आहे म्हणून हव्या त्या वेगानं बघता येतं, असं नाही.

इथं रँकची खरी मर्यादा येते. ती हो किंवा नाही एवढंच सांगते. समजा तुम्ही जोडपाइप न घालता दुसऱ्या टाकीची तोटी थोडी आवळली. तिची पातळी ६२.५ सेंमीवर स्थिरावली, टाइम कॉन्स्टंट २५ मिनिटं झाला. टी तसाच ठेवूनही कंट्रोलेबिलिटीची रँक २ येते. नुसता २१ मिनिटं असता तरी २ च आली असती. पण २१ च्या वेळी काय होतं बघा: पंप १ लिटरनं वाढवला तर शेवटी पहिली ५ सेंमी वाढते आणि दुसरी ५.२५. पाव सेंमीचा फरक काढायला दोन्ही टाक्या पाच सेंमी चढवाव्या लागल्या. `cond(ctrb(A,B))` काढलंत तर २१ साठी साधारण ८४०, २५ साठी २००, आणि जोडपाइप घालून एकाच टाकीत पाणी सोडलेल्या रचनेसाठी २० येतं. आकडा जितका मोठा, तितकी ती दुसरी दिशा पंपाला महाग. हा आकडा वेळेच्या एककावर अवलंबून आहे, म्हणून सगळीकडं मिनिटच ठेवा आणि फक्त आपसांत तुलना करा. ८४० म्हणजे वाईट असं कुठं लिहून ठेवलेलं नाही.

आणखी एक गैरसमज मला नव्या इंजिनिअरांतही दिसतो. कंट्रोलेबल म्हणजे दोन्ही पातळ्या हव्या तिथं आणून *थांबवता* येतात, असं ते धरून चालतात. तसं नाही. २५ मिनिटांच्या उदाहरणात पहिली +५ आणि दुसरी -५ अशी स्थिती एखाद्या क्षणी गाठता येते, पण पुढच्या क्षणी ती निसटते. पंप एका आकड्यावर स्थिर ठेवला तर स्थिर पातळ्या h1 = 5u आणि h2 = 6.25u याच मिळणार. एका पंपाला एकच आकडा धरून ठेवता येतो. दोन्ही पातळ्या स्वतंत्र धरून ठेवायच्या असतील तर दुसरा पंप नाहीतर दुसरा कंट्रोल व्हॉल्व्ह लागेलच. गणितानं त्याची बचत होत नाही.

तुमच्या प्रोजेक्टसाठी मी काय करेन ते सांगतो. जोडपाइप घाला, पण मधे बॉल व्हॉल्व्ह ठेवा, म्हणजे दोन्ही अवस्था एकाच सेटअपवर दाखवता येतील. टी सुद्धा ठेवा, फक्त दुसऱ्या फांदीवर व्हॉल्व्ह टाका. सेन्सर पहिल्या टाकीत. कॉलेजात मिळतो तो एचसी-एसआर०४ अल्ट्रासोनिक चालेल. त्याची अचूकता ३ मिमी सांगितलेली असते, पण पंपाचं पाणी वरून पडत असेल तर पृष्ठभाग हलतो आणि आकडे नाचतात. पाणी पाइपनं तळापर्यंत न्या.

मग पीआय बंद करा, पंप २० लिटरवर स्थिर ठेवा, आणि जोडपाइपचा व्हॉल्व्ह बंद असताना १० लिटरची बादली पहिल्या टाकीत ओता. फ्लो मीटरचा ग्राफ घ्या. सगळं पूर्ववत झाल्यावर तीच बादली दुसऱ्या टाकीत ओता. दोन्ही वेळा मीटर मिनिटाला अर्धा लिटर वर उडी घेईल आणि २० मिनिटांच्या टाइम कॉन्स्टंटनं उतरेल. दोन्ही ग्राफ एकमेकांवर ठेवले तर बादली कुठल्या टाकीत पडली ते ओळखता येणार नाही. अनऑब्झर्व्हेबल म्हणजे काय, हे परीक्षकाला दाखवायला यापेक्षा जास्त काही लागत नाही.

आता जोडपाइप उघडा आणि तेच पुन्हा करा, पण यावेळी लेव्हल सेन्सर बघा. बादली पहिल्या टाकीत पडली तर पातळी लगेच ५ सेंमी उडते आणि उतरत जाते. दुसरीत पडली तर आधी काहीच होत नाही, मग पातळी हळूहळू चढते, साधारण ११ मिनिटांनी जेमतेम १ सेंमीवर पोचते आणि तिथून उतरायला लागते. तुमच्या पाइपला हा वेळ वेगळा येईल, आणि तो किती येतो यावरून तुम्हाला जोडपाइपचा खरा गुणांक काढता येईल. तो मॉडेलमध्ये टाका आणि मगच ऑब्झर्व्हरचे गेन ठरवा.